अंड्याचं पांढरं ताठ का होत नाही: पिवळ्याचा थेंब आणि साखरेची वेळ

प्रश्न: मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरून केकच्या ऑर्डरी घेते. वाढदिवसाच्या केकवर लावायला मेरिंगचे छोटे कळे करायचे होते. चार अंड्यांचं पांढरं हँड बीटरने वीस मिनिटं फेटलं तरी स्टिफ पीक येईनात, नुसता ढिला फेस. साखर अजून घातलीच नव्हती. एका अंड्याचा पिवळा थेंबभर पडला होता, पण तो मी लगेच चमच्याने काढला. साखरेबद्दल तर कोणी म्हणतं पहिल्यापासून घाल, कोणी म्हणतं शेवटी. नेमकं चुकतंय कुठं?

ताई, पिवळा चमच्याने काढला तेव्हा तुम्हाला दिसत होता तेवढाच निघाला. पिवळ्या बलकाची त्वचा एकदा फाटली की त्याची बारीक तार पांढऱ्यात पसरते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तुमचा फेस त्या तारेनेच मोडला. चांगल्या हँड बीटरवर चार अंड्यांचं पांढरं, साखर नसताना, चार-पाच मिनिटांत ताठ व्हायला हवं. तेवढ्या वेळात शेंडा धरला नाही तर पुढची पंधरा मिनिटं फेटून बीटर तापतो, दुसरं काही होत नाही.

एवढासा थेंब एवढं नुकसान कसं करतो ते कळलं, की साखरेचंही कोडं सुटतं, म्हणून आधी बुडबुड्याकडे बघू. पांढऱ्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असतं, आणि उरलेल्यात बहुतेक प्रथिनं. ही प्रथिनं एरवी स्वतःभोवती गुंडाळलेली असतात आणि पाण्यात निवांत तरंगत असतात. बीटरच्या तारा त्यांना ओढतात, आपटतात, त्यात हवा कोंबतात, तशी ती उलगडतात. उलगडल्यावर त्यांचा पाण्यापासून लांब पळणारा भाग उघडा पडतो, आणि तो हवेकडे तोंड करून बसतो. पाणी आवडणारा भाग पाण्यातच राहतो. म्हणजे प्रत्येक प्रथिनाला हवा आणि पाणी यांच्या सीमेवरच बसायचं असतं, आणि ती सीमा म्हणजे बुडबुड्याची भिंत. तिथं शेजारी-शेजारी बसलेली प्रथिनं एकमेकांना धरतात, आणि भिंतीवर एक चिवट पापुद्रा तयार होतो. मूळच्या पांढऱ्याच्या सहा ते आठ पट फुगलेला फेस या पापुद्र्यांवर उभा असतो. बाकी सगळी हवा आणि थोडं पाणी.

आता चरबीलाही पाणी आवडत नाही. तिला बसायला तीच जागा हवी असते, आणि ती तिथं प्रथिनांच्या आधी पोचते. पण चरबी शेजारणीचा हात धरत नाही. जिथं चरबी बसली तिथं पापुद्र्याला भोक राहिलं, तो बुडबुडा शेजारच्या बुडबुड्यात फुटला, दोघांचा मिळून एक मोठा झाला, आणि मोठा बुडबुडा लवकर फुटतो. तुम्ही जितकं फेटता तितके नवे बुडबुडे होतात आणि तितकेच मागं फुटत जातात. म्हणून फेस दिसतो, पण चढत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला शिकवायला नको खरं तर. गुऱ्हाळावर काहिलीत रस उसळून वर यायला लागला की गुळव्या त्यात थोडंसं शेंगतेल टाकतो, आणि एवढी मोठी काहील क्षणात खाली बसते. तिथं ते तेल मुद्दाम फेस मारायला घालतात. तुमच्या भांड्यात तेच काम पिवळ्याने न सांगता केलं.

आणि पिवळा हा तेलापेक्षाही वाईट. बलकात साधारण एक तृतीयांश चरबी असते, पण नुसती चरबी असती तर थोडी चालूनही गेली असती. तिच्यासोबत लेसिथिन आणि चरबी बांधून ठेवणारी प्रथिनं असतात, आणि त्यांचं कामच मुळी पाणी आणि तेल यांच्या सीमेवर पसरणं हे आहे. मेयोनीज जमतं ते यांच्याच जिवावर. त्यामुळे तेलाचा थेंब एका जागी गोळा होऊन राहील, पण पिवळा सगळ्या भांडंभर सारखा पसरतो. मोठ्या स्टँड मिक्सरमध्ये अगदी पुसटसा पिवळा असला तरी फेस कधीकधी येतो, हे खरं आहे. पण तो कमी चढतो आणि ओव्हनमध्ये बसतो. साध्या हँड बीटरवर हा जुगार खेळू नका.

म्हणून अंडी वेगळी करण्याची पद्धत बदला. अंडी फ्रीजमधून काढल्या-काढल्या, थंड असतानाच फोडा, कारण थंड बलक घट्ट असतो आणि सहज फाटत नाही. फेटायला मात्र पांढरं कोमट हवेला आलेलं असावं, तर ते लवकर फुलतं. झाकून अर्धा तास ठेवलं की झालं, मे महिन्यात त्याहून कमी पुरतं. प्रत्येक अंडं एका छोट्या वाटीवर फोडायचं, पांढरं नीट निघालं असेल तरच मोठ्या भांड्यात ओतायचं. चार अंडी थेट मोठ्या भांड्यावर फोडत गेलात तर चौथं फुटलं म्हणून पहिली तीनही जातात, आणि ऑर्डरीच्या दिवशी हे परवडत नाही. पिवळ्याचा अखंड ठिपका वाटीत पडला तर अंड्याच्या कवचाच्या धारेने उचला. कवचाची धार पांढऱ्याला कापत जाते, चमचा त्याला नुसता पुढं ढकलतो. ठिपका फुटून तार दिसली तर त्या वाटीतलं पांढरं बाजूला ठेवा आणि संध्याकाळी भुर्जीत घाला.

अंडं किती ताजं आहे यानेही फरक पडतो. आठवडा-दहा दिवसांच्या अंड्याचं पांढरं पातळ होतं, म्हणून झटकन फुलतं, पण त्याच्या बलकाची त्वचा सैल झालेली असते आणि वेगळं करताना तीच फाटते. ताज्याचं पांढरं दाट असतं, फुलायला वेळ घेतं, पण फेस जास्त वेळ उभा राहतो. मेरिंगला मी ताजं घेतो आणि एखादं मिनिट जास्त फेटतो.

पिवळा अजिबात गेला नाही आणि तरीही फेस बसतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी भांडं विचारतो. प्लास्टिकचं असेल तर तिथंच थांबतो. प्लास्टिकला तेलाशी जवळीक असते, त्यावर ओरखडे असतात, आणि कालचं बटर त्या ओरखड्यांत बसून राहतं. हात फिरवून गुळगुळीत लागलं तरी ते स्वच्छ नसतं. स्टीलचं खोल भगुलं किंवा काचेचं भांडं घ्या. ॲल्युमिनियमचं नको, फेस करडा पडतो. युरोपात या कामाला तांब्याची भांडी वापरायची जुनी रीत आहे आणि तांब्याने फेस खरोखर टिकतो, कारण तांब्याचा अंश पांढऱ्यातल्या एका प्रथिनाला घट्ट धरतो आणि ते गोठण्यापासून लांब राहतं. पण आपल्या घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई असते, त्यामुळे तो गुण त्यांच्यात येत नाही. स्टील बरं.

भांडं ठीक असेल तर पुढची जागा म्हणजे घासणी. ज्या घासणीने रात्री तांबड्या रश्श्याचं पातेलं घासलं, तिच्यात कट मुरलेला असतो, आणि तीच सकाळी या भगुल्यावर फिरते. मेरिंगच्या भांड्याला वेगळी घासणी ठेवा. बीटरच्या तारा दांड्याला जिथं जोडलेल्या असतात तिथं बटरक्रीम अडकून राहतं, ते गरम पाण्यात बुडवून काढा. सिलिकॉनचा स्पॅचुला वास धरतो तसं तेलही धरतो, म्हणून त्याचीही जोडी वेगळी. सगळं गरम पाणी आणि साबणाने धुवायचं आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून घ्यायचं, कारण साबणाचा अंशसुद्धा बुडबुड्याच्या भिंतीवर जागा अडवतो. शेवटी कापलेलं लिंबू भांड्याच्या आतून फिरवतात. लिंबाने तेल जातं असा समज आहे, तो तितकासा खरा नाही. तेल गरम पाणी आणि साबणानेच जातं. लिंबाचा फायदा वेगळा आहे, तो खाली सांगतो.

एक जागा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे साखर दळायचं मिक्सरचं भांडं. आपल्याकडे त्याच भांड्यात दाण्याचं कूट होतं, सुकं खोबरं फिरतं, चटणी होते. पात्याखालच्या फटीतलं खोबऱ्याचं तेल साखरेला लागतं आणि तुम्ही हौसेने ती साखर फेसात घालता. मग साखर पडल्यावर फेस बसला, साखरच वाईट, असा निष्कर्ष निघतो. चटणीचं छोटं भांडं या कामाला वापरू नका.

आता साखर. दोन्हीकडचे सल्ले अर्धे बरोबर आहेत.

साखर पाण्यात विरघळली की पाणी दाट होतं. फेसाच्या बुडबुड्यांच्या मध्ये जे पाणी अडकलेलं असतं ते एरवी हळूहळू खाली झिरपतं, भिंती पातळ होतात आणि फुटतात. पाक झालेलं पाणी लवकर झिरपत नाही, म्हणून साखरेचा फेस तासभरही उभा राहतो. ओव्हनमध्ये तर तिच्याशिवाय चालतच नाही. पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, साधारण ८० अंशाच्या आसपास गोठतं. तोपर्यंत बुडबुड्यातली हवा फुगत असते, पाणी सुटत असतं. साखर ते पाणी धरून ठेवते, भिंत गोठेपर्यंत वेळ काढून देते. म्हणून साखर हवीच, आणि पुष्कळ हवी.

पण तीच साखर पहिल्यापासून घातली तर प्रथिनांना उलगडायला आणि एकमेकांना धरायला अडथळा होतो. दाट पाकात हवा कोंबायलाही बीटरला जोर लागतो. फेस येतो, पण दुप्पट वेळ घेतो आणि तेवढा फुगत नाही. बदल्यात तो फार बारीक आणि चकचकीत होतो. उलट पूर्ण ताठ झाल्यावर सगळी साखर एकदम ओतली तर भिंतींत तेव्हा मोकळं पाणी कमी उरलेलं असतं, दाणे विरघळत नाहीत, आणि त्यांच्या वजनाने फेस बसतो. भाजल्यावर कळ्याच्या बुडाशी मधासारखे थेंब दिसले तर ती बऱ्याचदा न विरघळलेली साखर असते.

म्हणून वेळ मधली. बीटर उचलल्यावर शेंडा उभा राहतो, पण टोक लगेच मान टाकतं, तो क्षण. त्यावेळी पापुद्रा धरायला लागलेला असतो, म्हणून साखर त्याला अडवू शकत नाही, आणि पाणी अजून पुरेसं असतं, म्हणून ती विरघळते.

तुमच्या या अनुभवातून तुम्हाला एक ओळखही मिळते. फेस चढत नाही म्हणजे चरबी की लवकर पडलेली साखर, हे फेसाकडे बघून सांगता येतं. चरबी असेल तर बुडबुडे मोठे आणि डोळ्यांना दिसणारे राहतात, चमक येत नाही, आणि दोन मिनिटं थांबलात तर तळाशी पातळ पाणी साचतं. साखर लवकर पडली असेल तर फेस आखूड पण दाट आणि चकचकीत असतो, तळाला पाणी नसतं, आणि फेटत राहिलात तर तो हळूहळू का होईना, सुधारत जातो. पहिल्याला फेकण्यावाचून उपाय नाही, दुसऱ्याला धीर पुरतो.

आता तुमच्याच चार अंड्यांवर बघू. पांढरं वजन करून घ्या, चार मध्यम अंड्यांचं साधारण १२० ग्रॅम भरेल. कुरकुरीत कळ्यांना साखर दुप्पट, म्हणजे २४० ग्रॅम. आपल्या दुकानातली साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवून बारीक रव्याइतकी करा. अगदी पीठ नको. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं, मुख्य साखर म्हणून ती नको. गूळ पावडरचं कोणी सुचवलं तर या कामाला नाही म्हणा. गुळात ओलावा असतो, शिवाय तो हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे कळे चिवट होतात.

पांढरं भगुल्यात घेऊन बीटर सगळ्यात कमी वेगावर लावा. साधारण मिनिटभरात वर मोठे बुडबुडे येतील. आता क्रीम ऑफ टार्टर अर्धा चहाचा चमचा, नाहीतर लिंबाचा रस दोन चहाचे चमचे घाला. लिंबाचा फायदा म्हणत होतो तो हा. आम्ल असलं की प्रथिनं एकमेकांना लागेल तेवढंच धरतात, गच्च आवळत नाहीत, म्हणून जास्त फेटलं जाण्याचा धोका कमी होतो. मीठ घालायची पद्धत काही पुस्तकांत असते, ती सोडा, मिठाने फेस कमजोर होतो.

वेग मध्यम करा. फेस पांढरा होईल, बुडबुडे बारीक होतील, बीटरच्या मागं रेघ उमटायला लागेल आणि मिटून जाईल. ती मिटायची थांबली की बीटर बंद करून उचला. शेंडा वाकतोय? मग साखर सुरू. जेवणाचा एक चमचा कडेने भुरभुरायचा, वीसेक सेकंद फेटायचं, मग पुढचा. २४० ग्रॅमचे साधारण सोळा-सतरा चमचे होतात, म्हणजे यातच पाच-सहा मिनिटं जातात. लोक पहिले चार चमचे शहाण्यासारखे घालतात आणि मग कंटाळून उरलेली वाटी पालथी करतात. तसं करू नका. साखर संपल्यावर वेग वाढवून आणखी दोन-तीन मिनिटं. मग फेसाचा ठिपका अंगठा आणि बोटात घेऊन चोळा. खरखर लागली तर आणखी मिनिटभर, गुळगुळीत लागला तर थांबा. शेंडा आता सरळ वर बघेल, आणि वर नळाच्या पाण्यासारखी ओली चमक असेल. भगुलं उलटं करून बघायची काहींना हौस असते, करा, पण चोळून बघणं जास्त खरं.

इसेन्स, जेल रंग हे अगदी शेवटी, आणि थेंबाने. चॉकलेटला वापरतात ते तेलातले रंग नकोत. कोको किंवा बदामाची पूड घालायची तर फेटणं संपल्यावर चाळून, स्पॅचुल्याने दोन-चार वेळा फिरवून. त्यांच्यात चरबी आहेच, पण एकदा पापुद्रा धरला आणि साखरेने घट्ट झाला की बाहेरची चरबी त्याला तितकी लवकर मोडू शकत नाही. स्पंजमध्ये फेटलेलं पांढरं तेल आणि पिवळ्याच्या घोळात मिसळता येतं ते यामुळेच. तिथंही मिसळून झाल्यावर भांडं ओट्यावर ठेवून फोन घ्यायचा नसतो, लगेच ओव्हनमध्ये.

कळे पाडून ओव्हनमध्ये ९० ते १०० अंशांवर दीड ते दोन तास. ते भाजायचे कमी आणि वाळवायचे जास्त असतात. कागदावरून आपोआप सुटले की झाले, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या.

साखर पडण्याआधी फेस जास्त फेटला गेला तर तो चमक सोडतो, कोरडा दिसतो, गोळ्यागोळ्यांनी तुटतो आणि कडेने पाणी सुटतं. प्रथिनांनी एकमेकांना इतकं आवळलेलं असतं की पाणी बाहेर पिळलं जातं. अशा वेळी एक ताजं पांढरं त्यात घालून हलकं फेटलं तर बऱ्याचदा तो सावरतो. साखर अर्धी पडलेली असेल तर ही भीती जवळपास नसते, साखर तिथंही आडवी येते.

राहिला ‘साखर पहिल्यापासून’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा. त्यांच्या डोक्यात बहुधा स्विस पद्धत असते. त्यात पांढरं आणि साखर सुरुवातीलाच एकत्र करून, खाली वाफ येईल असं पातेलं ठेवून, ढवळत सुमारे ७० अंशांपर्यंत तापवतात, साखर पूर्ण विरघळली की खाली उतरवून थंड होईपर्यंत फेटतात. उष्णतेने प्रथिनं आधीच सैल होतात, म्हणून साखर असूनही फेस येतो. तो कमी फुगतो, पण फार दाट आणि टिकाऊ असतो. केकवर न भाजता लावायचं मेरिंग असेल तर मी तुम्हाला हेच करायला सांगेन, कारण कच्चं अंडं गिऱ्हाइकाला देण्यापेक्षा तापवलेलं बरं, विशेषतः केक लहान मुलांचा असेल तर. चरबीचा नियम मात्र इथंही तोच.

आणि ऑर्डर जुलै-ऑगस्टची असेल तर कळे गार झाल्या-झाल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आपल्या पावसात उघड्यावर ठेवलेला कळा काही तासांत चिकट होतो, आणि क्रीमला टेकला तर त्याहून आधी. म्हणून ते केकवर डिलिव्हरीच्या आधी लावा, रात्रीच लावून फ्रीजमध्ये ठेवू नका. उरलेले चार बलक वाटीत घेऊन वर चमचाभर पाणी घाला, झाकून फ्रीजमध्ये ठेवा, आणि दोन दिवसांत कस्टर्डला वापरा.